‘पण’च्या पुढचं माप

तमिळनाडूतल्या करूरची पूंगोडी नागपुरात आली तेव्हा तिच्या पदरी मराठीचे तीनच बोल होते. ‘हो’, ‘बरोबर’ आणि ‘उद्या या’. नवरा सेल्वम बुटीबोरीच्या कारखान्यात वेल्डर; हे बोल तिथूनच त्यानं बायकोसाठी आणले होते. शिलाईकाम करणाऱ्या बाईला एवढे पुरेत, असं त्याचं मत. आणि खरं सांगायचं तर ‘उद्या या’ एवढ्या एका वाक्यावर आपल्याकडे कितीतरी शिंप्यांचा जन्म गेला आहे.

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत कामिनीचं मॅचिंग सेंटर आहे. दाराशी ठेवलेलं शिलाईमशीन बरेच दिवस रिकामं होतं. कामिनीनं पूंगोडीचा हात पाहिला, तिनं शिवलेली बाही उलटीसुलटी करून पाहिली आणि तिला त्या मशीनवर बसवलं. भाषेचं काय ते पुढं पाहू, म्हणाली.

पूंगोडीला हिंदीही येत नव्हती. ही गोष्ट आपल्या नागपूरकरांच्या काही केल्या पचनी पडत नाही. समोरच्याला मराठी समजली नाही की आपण लगेच हिंदीवर येतो, आणि हिंदीही समजली नाही तर तीच हिंदी मोठ्यानं बोलतो. पूंगोडीशी बोलून बोलून काही गिऱ्हाइकांचे घसे बसले. ती बिचारी हसून ‘हो हो, बरोबर’ म्हणायची आणि बाया खूश होऊन घरी जायच्या.

तरी काम चाललं, कारण बाया मापाचा ब्लाउज घेऊन येतात. अंगात नीट बसणारा जुना ब्लाउज टेबलावर ठेवला की उंची, छाती, गळा, बाही, सगळं तोच सांगतो. तारखेसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं की झालं. अडचण एकच होती. बाई म्हणायची, “याच मापाचा शिवा, पण…” आणि ‘पण’च्या पुढचं मात्र कुठल्याच ब्लाउजला सांगता येत नाही. गळा थोडा वर हवा, बाही कोपरापर्यंत हवी, हे सगळं ‘पण’च्या पलीकडचं. पूंगोडी तिथंही ‘बरोबर’ म्हणायची. दोन-तीन बाया कुरकुरून गेल्या होत्या. कामिनीच्या कपाळावर आठी पडायला लागली होती.

अशात शोभाताई आल्या. मुलाचं लग्न आठवड्यावर आलेलं, घरच्या सगळ्या बायांचे ब्लाउज याच दुकानात टाकायचे ठरलेले. सगळ्यांची कापडं त्यांनी दुकानात आणून ठेवली, आणि आधी स्वतःचा शिवून पाहू म्हणून त्यांनी मोरपंखी कापड आणि मापाचा ब्लाउज दिला. हूक पाठीमागं असलेला, जुना पण ठाकठीक. मग ‘पण’ म्हणून त्या बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या. पूंगोडीनं तितकाच वेळ मान डोलावली.

ब्लाउज असा सुरेख झाला की कामिनीनं तो दाराशी टांगून ठेवला. शोभाताई आल्या, पडद्याआड गेल्या आणि बाहेर आल्या त्या लाल डोळ्यांनी.

“माहा खांदा धरून राहिला ना बाई! हात मांगं जातच नाही. हूक समोर पाह्यजेत म्हणून तुले बजावून बजावून सांगतलं होतं. समजलं नव्हतं तं काहून हो म्हणलं वं?”

ब्लाउज टेबलावर टाकून त्या निघून गेल्या. कामिनीनं पूंगोडीला हातवारे करून जे सांगितलं ते मात्र तिला लगेच समजलं. शोभाताई बाकीची कापडं परत न्यायला आल्या, तर मशीनवर दुसरी बाई बसेल.

मशीन गेलं म्हणजे नागपूरच गेलं. दोन खोल्यांचं भाडं सेल्वमच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं. त्यानं पूर्वीसारखं कारखान्यातल्या पोरांसोबत एका खोलीत राहायचं आणि पूंगोडीनं लहानग्या मुलीला घेऊन करूरला आईकडे परतायचं, हेच मग उरत होतं. संध्याकाळी ती ओट्यावर बसून रडली, आणि घरमालकीण यमुताईंना ते दिसलं.

यमुताईंनी सेल्वमला दुभाषा करून सगळं काढून घेतलं. मग विचारलं, “हो काहून म्हणते, विचार तिले.”

पूंगोडीनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली की करूरला तिच्या दुकानातून कुणी बिनउत्तराचं गेलं नव्हतं. इथं मुक्यासारखं उभं राहायची लाज वाटते. ‘हो’ म्हटलं की लोक हसतात, आपलं मानतात.

“अवं, लाज कशाची?” यमुताई म्हणाल्या. “म्हण, समजलं नाही.”

वालाच्या शेंगा निवडता निवडता यमुताईंनी शाळा भरवली. ‘समजलं नाही.’ ‘हळू सांगा.’ ‘हातानं दाखवा.’ आणि समजल्यावर, आपण करून दाखवत, ‘असं?’ मग त्या मुद्दाम भरभर वऱ्हाडी बोलायच्या आणि पूंगोडी सवयीनं ‘हो’ म्हणाली की तिच्या दिशेनं एक शेंग भिरकावायच्या. रडत बसलेली बाई हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी शोभाताई कापडं न्यायला आल्याच. कामिनी पिशवी भरायला लागली. पूंगोडी मशीनवरून उठली.

“काकू, थांबा. समजलं नाही. हळू सांगा. हातानं दाखवा.”

शोभाताईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि राग धरून ठेवणं त्यांना जड गेलं असावं. त्यांनी उजवा हात पाठीकडं न्यायचा प्रयत्न केला. हात कमरेपाशीच अडकला आणि चेहरा कळवळला.

“अय्यो!” पूंगोडीच्या तोंडून निघालं. करूरला तिच्या आईचा हात नेमका इथंच अडकत होता. तिनं ब्लाउज उचलला, पाठीवर बोट फिरवून शिवल्याची खूण केली, समोर मधोमध कात्रीसारखी दोन बोटं चालवली, तिथं उरल्या कापडाची पट्टी धरली.

“असं?”

“अस्संच वं माय!” शोभाताई ओरडल्या.

त्या तिथंच बसून राहिल्या. पूंगोडीनं पाठ बंद करून शिवली, पुढं उघडून पट्ट्या लावल्या, हूक बसवले. शोभाताई पडद्याआड गेल्या आणि स्वतःच्या हातानं हूक लावून बाहेर आल्या. पिशवी कामिनीच्या हातून काढून त्यांनी मशीनशेजारी ठेवली.

आता त्या दुकानात एक रीत पडली आहे. बाई ‘पण’ म्हणाली की पूंगोडी हात वर करते, मशीन थांबवते आणि ऐकते. नेहमीच्या बाया तर ‘पण’ म्हणून स्वतःच थांबतात.

पोंगलचा सण झाल्यावर पूंगोडीची आई नागपूर पाहायला आली. शोभाताई चिवड्याचा डबा घेऊन भेटायला गेल्या. दोघी दुखरे खांदे सांभाळत ओट्यावर बसल्या. अम्मा तमिळमध्ये मनापासून काहीतरी सांगत होती आणि शोभाताई मान डोलावत होत्या. “हो हो. बरोबर. हो ना!”

पूंगोडी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

“काकू, समजलं?”

“काही नाही वं.”

“मग काहून हो म्हणलं?”

शोभाताईंनी अम्माकडे पाहिलं, मग पूंगोडीकडे.

“इतक्या मायेनं सांगून राहिली ते,” त्या हळूच म्हणाल्या. “नाही समजलं, असं तोंडावर कसं म्हणू?” मग त्यांनी पूंगोडीचा हात धरला. “तुहंही असंच झालं असंन नाही का वं? अन् मी ओरडली तुह्यावर.”

पूंगोडीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती हसली.

“अम्मा म्हणते, पुढच्या पोंगलला करूरला या. महिनाभर राहा. तुम्ही हो म्हणलं. तीनदा.”

“अरे देवा!” शोभाताईंनी कपाळावर हात मारला, चहाचा घोट घेतला आणि अम्माकडे वळून, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाल्या, “समजलं. येते.”