दोन बंडलं, वर दोन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर बेळगावच्या हॉस्पिटलात आईच्या वॉर्डात ड्यूटीला असलेल्या कानडी सिस्टरांचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण स्टेथोस्कोप कानात कसा घालायचा, हेही त्यांनीच मला शिकवलं.

आईच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत. त्यासाठी रोज सकाळी एक बारीक गोळी होती. ती देण्याआधी छातीवर ठोके मोजायचे. साठाच्या खाली आले तर गोळी थांबवायची आणि हॉस्पिटलला फोन करायचा, कारण त्या गोळीनेच ठोके फार मंद होऊ शकतात.

"तम्मा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं न्हाई," सिस्टर म्हणाल्या. मला त्या धाकट्या भावासारखं तम्मा म्हणायच्या. "एकदा भरभर, एकदा थांबून, असे ठोके हाईत. पूर्ण मिनिट ऐकायचं. आणि लब-डब दोन आवाज, ठोका एकच."

आई मात्र पदर आवळून बसली. वाढलेल्या पोराने छातीला हात लावायचा म्हणजे काय! सिस्टर हसल्या. त्यांनी डाव्या छातीखालची जागा आईलाच बोटाने दाखवली आणि स्टेथोस्कोपची चकती तिच्या हातात दिली. "अम्मा, तुम्ही धरा. तो नुसता ऐकतो." निपाणीला घरी आल्यावरही हीच पद्धत चालू राहिली. पदराआड आई चकती धरायची, मी घड्याळाकडे बघत मोजायचो.

एका सकाळी आईच्या चार जुन्या मैत्रिणी तिला बघायला आल्या. सगळ्यांनी मिळून अर्धं आयुष्य विड्या वळण्यात घालवलेलं. त्यांच्यासमोर नळी लावायला आई तयार होईना.

"हातालाच बघती की मी," म्हणत तिने आपल्याच मनगटावर बोटं ठेवली. "तू नुसतं घड्याळ बघ."

मिनिट संपल्यावर म्हणाली, "दोन बंडलं. वर एकबी न्हाय."

पंचवीस विड्यांचं एक बंडल. म्हणजे पन्नास. मी तिचं मनगट धरून पुन्हा मोजलं. एकावन्न.

गोळी आदल्या दिवशीही दिली होती, माझ्याच हाताने.

"गाडी बोलवू?" मी विचारलं.

"कशाला? मला कायबी हुईत न्हाय," आई म्हणाली. चक्कर नव्हती, मळमळ नव्हती. सकाळी भाकरीही खाल्ली होती.

एक मैत्रीण म्हणाली, "आगं, लाजतीस कुणाला? लाव की ती नळी. आमी भिंतीकडं तोंड करताव."

आणि चौघीजणी खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसल्या. आईला हसू आवरेना. त्या हसण्यामुळे मला दोन मिनिटं थांबावं लागलं, मग कान लावले. लब-डब, लब-डब, मध्येच थांबा, मग दोन घाईघाईने, त्यातला एक अगदी बारीक. मिनिटभरात शहात्तर.

"मग माझं चुकलं व्हय?" आई दुखावली. "हजार हजार विड्या मोजल्या ह्या बोटांनी!"

म्हटलं, दोघांनी एकाच मिनिटात मोजू. तिने एका हाताने चकती धरली, त्याच हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवली. मी "हं" म्हटलं आणि दोघंही मोजायला लागलो.

मिनिट सरलं. माझे पुन्हा शहात्तर. आईची दोन बंडलं, वर दोन.

मी हॉस्पिटलला फोन लावून दोन्ही आकडे सांगितले. डॉक्टर म्हणाले, कुणाचंच चुकलेलं नाही. घाईघाईचे ठोके छातीत ऐकू येतात, पण हलके असले तर मनगटापर्यंत पोचत नाहीत. गोळीसाठी छातीवरचा आकडा धरायचा. आज गोळी द्या, पण एवढा फरक आहे तर उद्या घेऊन या.

मी गोळी दिली. "वळा गं आता," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी बेळगावात ईसीजी काढला. काळजीचं काही नव्हतं. सिस्टर त्या दिवशी सुट्टीवर होत्या, म्हणून घरी आल्यावर वॉर्डाच्या पत्त्यावर त्यांना पत्र पाठवलं:

"सिस्टरांना सादर नमस्कार. तुम्ही छातीवर ऐकायला शिकवलं नसतं, तर त्या सकाळी मी आईची गोळी बंद केली असती आणि घाबरून साऱ्या गल्लीला घाबरवलं असतं. आता आई मनगटाला मोजत नाही, चकती मुकाट्याने धरते. पण तिचा एक निरोप आहे, जसाच्या तसा लिहितो: 'सिस्टरास्नी सांग, माझी मोजणी बरोबर हुती.' तशी ती होतीच. तुमचा, तम्मा."