हळदीच्या कोपऱ्याचं कार्ड

त्या कार्डाची आठवण झाली की अजूनही कपाळात तिडीक उठते. राग येतो तो सव्वीस वर्षांच्या एका नर्सबाईचा. ती मीच. आज समोर आली तर दोन थोबाडीत ठेवून देईन, मग चहा पाजीन.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अकोल्याहून सुईणीचा कोर्स करून मी शिरपूरला एका शेटजींच्या किराणा दुकानाच्या माडीवर खोली घेऊन राहत होते. सर्टिफिकेट काचेत मढवलेलं, इतकं वर टांगलेलं की वाचायला स्टूल लागावं. आसपासच्या खेड्यांतली घरं बाळंतपणासाठी माझ्याशी बांधलेली होती. सून सहाव्या महिन्यात गेली की नाव माझ्या वहीत. महिन्याला एकदा मी जाऊन पोट तपासायची, पायावर सूज आहे का बघायची, आणि वेळ आली की मला न्यायला बैलगाडी यायची.

त्या उन्हाळ्यात इंझोरीला धाकट्या भावाचं लग्न निघालं. मी पंधरा दिवस जाणार होते. एक काम मी शहाण्यासारखं केलं. मालेगावला जाऊन तिथल्या म्हाताऱ्या नर्सताईंना गाठलं. कोणाला कितवा महिना, कोण पहिलटकरीण, कोणाचं मागचं अडलं होतं, सगळं लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "मी हाय ना. अडलंनडलं तर मले बोलवा म्हण. रक्त जास्त गेलं, झटके आले, तर माही वाट पाहू नका, सरळ वाशीमच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हण. पण सांगशीन कशी सगळ्यायले?"

"कार्ड टाकीन," मी म्हटलं.

"कार्ड?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पायानं जाय न पोरी."

पायानं! मी काय दवंडीवाली होते? मी सर्टिफिकेटवाली होते.

अकरा घरांना अकरा पोस्टकार्डं लिहिली. मजकूर मला अजून पाठ आहे, दुर्दैवानं. 'सर्व सन्माननीय कुटुंबप्रमुखांस सविनय सादर प्रणाम. आपल्या कृपाछत्राखाली माझी अल्पशी सेवा सुरू असून...' असं अर्धं कार्ड माझी नम्रता मिरवण्यातच गेलं. मग 'काही कौटुंबिक मंगल कार्यास्तव पंधरा दिवस अनुपस्थित राहणे क्रमप्राप्त आहे'. जागा संपत आली तेव्हा सगळ्यात खाली, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात, मालेगावच्या ताईंचा पत्ता. वाशीमच्या दवाखान्याला जागाच उरली नाही. एवढं रामायण कोणासाठी? त्या घरांतल्या सासवांना अक्षर येत नव्हतं, आणि हे मला ठाऊक होतं!

पुढचा शहाणपणा तर त्याहून मोठा. माझ्याच पाटावर भावाच्या लग्नाच्या पत्रिका पडल्या होत्या आणि शेजारी हळदीची वाटी. नर्सबाईचं कोरं कार्ड आलं तर माणसं घाबरतील, वाईट बातमी समजतील, असं माझ्या मनात आलं. म्हणून त्या अकराच्या अकरा कार्डांच्या कोपऱ्यांना हळद लावली. वर कुंकवाचं बोटही! किती काळजीवाहू बाई मी.

कार्डं पेटीत टाकायला निघाले तेव्हा खाली शेटजी गल्ल्यावर होते. म्हणाले, "बाई, दारावर एक पाटी बी लावून जा. मोठ्या अक्षरात."

"सगळ्यांना कार्डं धाडतेय, शेटजी," असं मी नाक वर करून म्हटलं आणि बस पकडली.

लग्नात मी बुंदी खाल्ली, उखाणे घेतले, नव्या वहिनीला आरोग्यावर भाषण दिलं. परत आले तर शेटजींनी गल्ल्यावरून रामराम केला नाही. त्यांची बायको म्हणाली, "वर जाऊ नका. अगुदर इथं बसा."

मी गेल्याच्या आठव्या दिवशी, दुपारच्या उन्हात, माझ्या दारी एक गाडी आली होती. चार कोसांवरच्या खेड्यातली, माझ्या वहीतली पहिलटकरीण सून. दिवस भरायला तीन आठवडे होते, पण सकाळीच पाणी गेलं. मला न्यायला गाडी पाठवण्याइतकाही वेळ नव्हता, म्हणून सासू आणि नवरा तिलाच गाडीत घालून घेऊन आले. वर माझं कुलूप. पोरगी दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिथंच तिला कळ आली. शेटजींच्या बायकोनं तिला आत घेतलं आणि गव्हाच्या पोत्यांमागे गादी घातली. नर्सताईंचा पत्ता शेटजींना ठाऊक होता, कारण मालेगावला जाताना मी फुशारकीनं सांगून गेले होते. नवऱ्याला त्यांनी एस.टी.त बसवून दिलं. नर्सताई उलट्या गाडीनं आल्या तेव्हा सूर्य कलला होता. तोवर ती पोर पोत्याचा काठ धरून ओरडत होती, "नर्सबाई कोठी हाय? बोलवा ना तिले!"

मुलगी झाली. इवलीशी, पण रडली. आईला खूप रक्त गेलं. ताईंनी पोट चोळून चोळून, हात न काढता ते थांबवलं, आणि नाही थांबलं तर वाशीमला न्यायला एक ट्रकवाला दारात उभा करून ठेवला.

हे ऐकून मी काय केलं असेल? चिडले! "मी कार्ड धाडलं होतं! वाचायचं नाही का?" असं म्हणत तशीच त्या खेड्यात गेले. चार कोस चालत. आता बरी चालले!

सासू अंगणात शेंगा निवडत होती. मी तोंड उघडायच्या आत ती उठून घरात गेली आणि देवाच्या फळीवरून कार्ड घेऊन आली.

"हे तुवं?"

"हो. यात सगळं लिहिलं होतं, आजी. कोणीच कसं वाचलं नाही?"

"हळद लावेल होती. मी म्हटलं, बाईच्या भावाचं लगन हाय, पत्रिका आली. देवापाशी ठेवली. लगनाले तं आमी येऊन राह्यलो नव्हतो, मंग वाचाले कायले कोणाच्या दारी जाव?" तिनं कार्ड माझ्या हातात कोंबलं. "वाच आता. मले आयकू दे काय लिवलं."

आणि मी वाचलं. उन्हात, उभ्यानं, मोठ्यानं. सन्माननीय कुटुंबप्रमुखांस. अल्पशी सेवा. क्रमप्राप्त. उंबऱ्यात ती सून येऊन उभी राहिली, पांढरीफटक, पोर छातीशी. मी वाचतच होते आणि पत्ता येतच नव्हता. शेवटी आला, तर माझंच अक्षर मला लागेना. कार्ड डोळ्यांजवळ न्यावं लागलं.

"झालं?" म्हातारी म्हणाली. "यात माह्या सुनीचं काय हाय?"

"काही नाही," मी म्हटलं. त्या कार्डाबाबत मी बोललेलं तेवढंच एक वाक्य खरं.

"मंग काहून धाडलं?"

सुनेचं पोट तपासू का, ताप आहे का बघू का, असं मी पुटपुटले. सून म्हणाली, "राहू द्या बाई. मालेगावच्या ताई पाहून गेल्या." आणि ती आत वळली. मला पोर दाखवलं नाही.

पुढे कधीही गाव सोडायची वेळ आली की मी आठवडाभर आधी निघत असे. घरोघरी जाऊन चुलीपाशी बसून सांगायचं, आणि सासू-सून दोघींकडून परत वदवून घ्यायचं: कोण, कुठं, कशानं जायचं, आणि कधी सरळ वाशीम. पाय सुजायचे. दारावर पाटीही लावायची, हाताएवढ्या अक्षरात.

त्या घरचं नाव मात्र माझ्या वहीत परत आलं नाही. त्या सुनेची पुढची दोन्ही बाळंतपणं मालेगावला झाली. ते कार्ड मी त्या दिवशी फाडून टाकायला मागितलं होतं. म्हातारीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "राहू दे," म्हणाली, "हळद लावेल कागद मी फाडत नसतो." आणि परत देवापाशी ठेवून दिलं.