हाफिजाचा सणांचा तास

हाफिजाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती भित्री वाटली होती. शाळेत कुणी काहीही सांगितलं की ती मान हलवून "बघू या" म्हणायची. या "बघू या"चा अर्थ "मला जे करायचंय तेच मी करणार आहे" असा होतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आमच्या ममता मॅडमना तर ते अजूनही कळलेलं नाही.

हाफिजा राजापूरकडची. नवरा इद्रीस फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर, शनिवार-रविवारी घरी. ती राहते शारजातल्या अल नहदात आणि तिथूनच जवळच्या आमच्या भारतीय शाळेत चौथीला सामाजिक अभ्यास शिकवते. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. गणिताला धर्म नसतो, त्यामुळे माझं बरं चाललं आहे.

त्या वर्षी तिचा करार संपत होता. नूतनीकरण व्हायचं तर निरीक्षण केलेल्या तासाला किमान 'गुड' मिळायला हवं, असं व्यवस्थापनाने स्पष्ट सांगितलं होतं. करार गेला की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की अल नहदातलं घर आवरावं लागतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि तिच्या वाट्याला विषय आला 'विविध धर्मांचे सण'. एवढ्या मोठ्या अभ्यासक्रमात नद्या होत्या, पर्वत होते, नकाशा वाचन होतं; पण नाही.

तिने पाठाचं टाचण लिहिलं. पहिलं उद्दिष्ट होतं, 'मुलांना एकमेकांच्या सणांबद्दल आदर वाटेल.' ममता मॅडम आमच्या विभागाच्या समन्वयक. त्यांनी त्यावर लाल रेघ मारली.

"वाटेल हे मी कसं बघणार, हाफिजा? मेजरेबल हवं ना. मूल काय करून दाखवेल ते लिही. ओळखेल, तुलना करेल, प्रश्न विचारेल."

यात मॅडमचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्या बरोबर असल्या की मला जास्त राग येतो. हाफिजाने मुकाट्याने दोन उद्दिष्टं लिहिली. मूल दुसऱ्या कुटुंबाचा उत्सव समजून घेण्यासाठी आदराने प्रश्न विचारेल. आणि मूल दोन उत्सवांतलं एक साम्य व एक फरक कारणासह सांगेल. यम्नाला कमी ऐकू येतं, तर तिची जागा पुढे, तिच्यासाठी चित्रांची कार्डं आणि प्रश्न फळ्यावर लिहिलेले, हेही टाचणात आलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

मग समावेशकता सुरू झाली.

पणत्या काढल्या, कारण छताला धुराचा अलार्म आहे. मोबाईलच्या दिव्यावरच्या पणत्याही काढल्या, कारण मोबाईलला बंदी आहे. शिरखुर्मा काढला, कारण सुक्या मेव्याची ॲलर्जी. केक काढला, कारण अंडं. करंजी राहिली होती. पण एकटी करंजी ठेवली तर पक्षपात दिसेल म्हणून तीही गेली. शेवटी सणांच्या पाठात खायला पाणी तेवढं उरलं, तेही ज्याने त्याने आपापल्या बाटलीतून आणायचं.

एवढ्याने मॅडमचं समाधान झालं नाही. त्यांनी एक भला मोठा तक्ता सुचवला. चार रकाने, चार धर्म, आणि प्रत्येक मुलाने आपल्या नावाची चिठ्ठी आपल्या रकान्यात चिकटवायची. हाफिजाचा वेळ जायला नको म्हणून चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच नावं बघून वाटून टाकल्या. वसईच्या रोनितला त्यांनी दिवाळीत घातलं. त्याची आई दर रविवारी त्याला चर्चला नेते, पण रोनित हे नाव ऐकून मॅडमच्या डोळ्यांपुढे आकाशकंदील आला असणार.

"यापेक्षा अदलाबदल करू या," चूक दाखवल्यावर मॅडम म्हणाल्या. "हिंदू मुलं ईद करून दाखवतील, मुस्लिम मुलं दिवाळी. आरती-बिरती. सो इन्क्लुसिव्ह!"

मी हाफिजाकडे पाहिलं. तिने पहिल्यांदाच "बघू या" म्हटलं नाही.

"मॅम, मुलांनी दुसऱ्याच्या सणाबद्दल शिकायचं. पूजा किंवा नमाज करून दाखवायला लावायचं नाही. उद्या पालक विचारतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. आणि कुणा एकाला उभं करून तुझ्या धर्माबद्दल सांग, असंही नको. ती मुलं आहेत, वकील नाहीत."

"मग करणार काय?"

"पाहुणे होतील सगळे."

तिची कल्पना साधी होती. ज्याला इच्छा असेल त्याने यजमान व्हायचं, बाकीच्यांनी त्याच्या घरी सणाला पाहुणे म्हणून जायचं. पाहुण्याला पूजाही करावी लागत नाही आणि नमाजही पढावा लागत नाही. त्याने फक्त नीट विचारायचं. चपला कुठे काढू? काय घेऊन येऊ? दारात काय म्हणू? तुमच्याकडे या दिवशी कोण कोण येतं? मॅडमनी टाचण तीनदा वाचलं, त्यातला 'अतिथी' हा शब्द धार्मिक आहे का यावर थोडा विचार केला आणि सही केली.

निरीक्षणाला रामचंद्र सर आले. व्यवस्थापनाने बाहेरून बोलावलेले सल्लागार, हातात टॅब, चेहऱ्यावर काही नाही. ममता मॅडम त्यांच्या शेजारी, आणि मी सहकारी निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर.

तास छान चालला होता. रुहान ईदचा यजमान झाला, रोनित नाताळचा. मुलं दारात उभी राहून विचारत होती आणि यम्ना कार्ड उंचावून सगळ्यांच्या आधी प्रश्न विचारत होती. मग हाफिजाने विचारलं, "आणखी कुणाला पाहुणे बोलवायचेत?"

सान्वीने हात वर केला. सान्वी ही वर्षभरात पाच-सहा वाक्यं बोललेली मुलगी. माझ्या तासाला मी तिचा आवाज ऐकलेलाच नाही.

"मॅम, आमच्याकडे दिवाळी नाही होत. कॅन आय डू पप्पा डे?"

ममता मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. टाचणात चार धर्मांचे सण होते, आणि हा पाचवा कुठल्या धर्माचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं. हाफिजाने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा सान्वीकडे. 'नंतर बोलू हं बेटा' एवढं म्हणून ती सुटली असती. मी तिच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

"कर ना," हाफिजा म्हणाली. "मुलांनो, सान्वीकडे जायचंय. विचारा."

"शूज कुठे काढायचे?" एकाने विचारलं.

"बाहेर. स्लोली. बिकॉज पप्पा इज स्लीपिंग."

"काय आणू?"

"नथिंग. मम्मा फिश करते. आम्ही लिफ्टजवळ वेट करतो."

"कोण कोण येतं?"

"ओन्ली पप्पा. रुवैसहून. रिफायनरीत सुट्टी मिळाली तर. दिवाळीला शटडाऊन होता, नो लीव्ह, सो ही डिडन्ट कम. देन मम्मा सेड, वी विल डू इट व्हेन ही कम्स."

मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण सरांसमोर रडणं बरं दिसलं नसतं.

शेवटच्या भागात हाफिजाने दुसरं उद्दिष्ट घेतलं. दोन उत्सवांतलं एक साम्य, एक फरक, कारणासह. रुहान उभा राहिला.

"माय ईद अँड सान्वीज पप्पा डे आर सेम. आदल्या रात्रीपर्यंत कन्फर्म नसतं. आम्ही मून बघतो. ती मेसेज बघते." मग जरा विचार करून तो म्हणाला, "डिफरन्स इज, मून ऑल्वेज कम्स. नेक्स्ट डे, बट इट कम्स."

रामचंद्र सरांनी टॅब खाली ठेवला. नंतरच्या बैठकीत ममता मॅडम घाईने म्हणाल्या, की मधला प्रकार टाचणात नव्हता, त्याबद्दल क्षमस्व. सर म्हणाले, "उद्दिष्टं टाचणात होती. दोन्ही झाली." त्यांनी 'व्हेरी गुड' दिलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या शाळेत चांगली गोष्ट घडली की तिचा उपक्रम करतात.

पुढच्या आठवड्यात परिपत्रक आलं. शाळा 'पप्पा डे' साजरा करणार. गुरुवारी सकाळी दहा वाजता, सभागृहात. सर्व वडिलांनी उपस्थित राहावं. फुगे, सेल्फी पॉइंट, वडिलांसाठी लिंबू-चमचा शर्यत. समावेशकतेच्या दृष्टीने ज्यांचे वडील येऊ शकत नाहीत त्यांनी काका किंवा मामा आणावेत. खाली ममता मॅडमची सही, आणि 'संकल्पना' म्हणूनही त्यांचंच नाव.

मधल्या सुट्टीत सान्वी स्टाफरूमच्या दाराशी आली.

"मॅम, थर्सडेला मी ॲबसेंट आहे."

"का गं बेटा, बरं नाही का?"

"थर्सडेला बरं नसेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

हाफिजा म्हणाली, "संजना, तिच्याकडे एक सण होता गं. मी तो वर्गात काढायला लावला आणि यांनी तो तिच्याकडून घेतला." तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता रडेल. ती उठली.

तिचं कराराचं पत्र तेव्हा ममता मॅडमच्या टेबलावर सहीची वाट बघत पडलं होतं. मी तिला हाताला धरून म्हटलं, "अगं, आधी सही होऊ दे. यल्ला, चल, उद्या बोल." ती म्हणाली, "बघू या," आणि सरळ केबिनमध्ये शिरली. मी मागोमाग गेले, कारण भांडण बघायची संधी मी कधी सोडत नाही.

"मॅम, गुरुवारचा कार्यक्रम रद्द करा."

"रद्द? बॅनर छापून आलेत! फीडबॅक बघ पालकांचा. आणि मला एक सांग, रद्द करून मुलांना मिळणार काय? व्हॉट इज द लर्निंग आउटकम?"

"सान्वी शाळेत येईल," हाफिजा म्हणाली.

पत्र मॅडमच्या कोपराखाली होतं. हाफिजाने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पाहत होते, आणि मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी मेसेज आला, की सभागृहाच्या एसीच्या देखभालीमुळे गुरुवारचा कार्यक्रम होणार नाही. एसी उत्तम चालू होता. पत्रावर सही व्हायला आणखी बरेच दिवस लागले, आणि त्या दिवसांत हाफिजाने घरमालकाला दोन वेळा फोन केला हे मला नंतर इद्रीसभाईंकडून कळलं.

गुरुवारी सान्वी शाळेत आली. माझ्या तासाला भागाकार होता. तिने पहिल्यांदाच हात वर केला, आणि उत्तर चुकीचं दिलं.