वांग्याचा व्हिडिओ

आमचे वडील, आबा, गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात भावानं तो व्हिडिओ काढला होता. जळगावच्या आमच्या अंगणात आबा तुरीच्या वाळक्या काड्यांवर, तुरकाट्यांवर, भरताची वांगी भाजत होते. "वांगं फुटाले नको, तठे नजर ठेव," असं ते सांगत होते, आणि फोनमागून भाऊ हसत होता. भाऊ धुळ्याला राहायचा. त्यानं व्हिडिओ आपल्या पानावर टाकला आणि फोनमधून पुसला. जागा नाही म्हणायचा, वर तर आहेच.

मीही तसलीच शहाणी. तो व्हिडिओ आधी नुसता रीपोस्ट केला. मग पुन्हा कोट करून वर लिहिलं, "भाऊ, हसू नको, वांग्याकडे बघ." घरच्या ग्रुपवर त्याची लिंक शेअर केली. तीन ठिकाणी आहे म्हणून निश्चिंत राहिले.

या उन्हाळ्यात भाऊही गेला. तेराव्यानंतर कुणी ना कुणी त्या व्हिडिओवर काहीतरी लिहायचं, की वहिनीच्या हातातला त्याचा फोन वाजायचा. ती उघडायची आणि तो हसायचा. एके दिवशी तिनं पोस्टच डिलीट केली. मला काही बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. "ताई, तो वांगासना व्हिडिओ तुमनाकडे शे ना? माले धाडा. आते त्यासनं हासनं आयकनं शे."

"बघते," म्हणाले.

बघितलं. रीपोस्ट माझ्या पानावर नव्हतीच. आधीच्या आणि नंतरच्या पोस्ट एकमेकींना खेटून बसल्या होत्या. ग्रुपमधली लिंक दाबली तर पान उपलब्ध नाही असं आलं. शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, रीपोस्ट म्हणजे त्यांचीच पोस्ट तुमच्या पानावर दिसते. मूळ गेली की तीही जाते. लिंक नुसता पत्ता असतो. कोटमध्ये तुम्ही लिहिलेलं तेवढं तुमचं." व्हिडिओ डाउनलोड केला होता का, असंही तिनं विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. रडू आलं नाही. गॅसवर दूध होतं, ते उतरवलं.

संध्याकाळी वहिनीला सांगितलं.

"बठ्ठं गयं?"

"हो, सगळं."

ती म्हणाली, "मीच पुसं ना, ताई." तुझी चूक नाही म्हणाले. खरंच नव्हती. पण माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

कोट पोस्ट अजून आहे. खाली करड्या चौकटीत लिहिलंय, ही पोस्ट उपलब्ध नाही. वर माझं वाक्य तसंच आहे: भाऊ, हसू नको.