आक्कांच्या उंबऱ्यावरचा वीरभद्र

आक्कांना काहीही विचारा, आधी त्यांचा हात छातीवर जायचा. "थांबा, इचारून सांगतो," म्हणायच्या. नवीन गिऱ्हाईक आत मालक बसलेत का म्हणून डोकावून बघायचं. आत पेंडीच्या पोत्यांशिवाय कुणी नसायचं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. आक्का विचारायच्या ते गळ्यातल्या डबीला. चांदीची, लिंबाएवढी डबी, तिच्यात इष्टलिंग. आक्का लिंगायत. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून ते अंगावरच, झोपताना, स्वयंपाक करताना, बाळंतपणातसुद्धा. मग दोन श्वास थांबून आक्का सांगायच्या, "न्हाय. उधार मिळणार न्हाय म्हणतोय."

शाहूपुरीत त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि मी तिथे फाटकी पोती शिवायला बसायचे. दाभण, सुतळी आणि मांडीवर पोतं. शाळा मी पाहिली नाही, पण पोत्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. अडलं की आक्का गादीवरून ओरडायच्या, "ते ध हाय गं, घ न्हवं! धान्याचं घान्य करून ठेवशील."

जीभ तिखट. गडमुडशिंगीचा एक म्हशीवाला नेहमी निम्मी पेंड न्यायचा आणि दूध आटलं म्हणून रडायचा. त्याला म्हणाल्या, "पावणं, म्हशीला उपास धरायला लावलाय, तर तिला साबुदाण्याची खिचडी तरी घाला की!" तो हसत हसत पूर्ण पोतं घेऊन गेला.

हे सगळं मोतीबिंदूच्या आधीचं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत नेताना सिस्टर म्हणाली, गळ्यातलं सगळं काढा. आक्कांनी का-कू केली, पण मागे लोक खोळंबलेले. त्यांनी डबी काढून मुलाच्या हातात दिली. मुलाने ती शर्टाच्या खिशात टाकली. पुढे काय झालं ते ऐका. ऑपरेशन नीट झालं. आक्कांना चहा-बिस्किट दिलं, त्यांनी ते खाल्लं, झोप लागली. मुलगा घरी गेला, शर्ट खुंटीला अडकवला. रात्रभर डबी खुंटीवर आणि आक्का दवाखान्यात. सकाळी मुलगा डबा घेऊन आला, तेव्हा आक्कांचा हात छातीवर गेला आणि तिथे काही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय. पण त्यांच्यात लिंग हातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. अंघोळ, कपाळाला भस्म, मग डाव्या तळहातावर लिंग ठेवून त्याच्याकडे एकटक बघत राहायचं. आक्कांचा तो नेम कधी मोडला नव्हता. त्यांना काढल्याचं तितकं वाईट वाटत नव्हतं.

"काढलं ते काढलं गं," त्या मला म्हणाल्या. "सिस्टरनं सांगितलं म्हणून काढलं. पण मला आठवण झाली न्हाय. मी बिस्किट खाल्लं आणि घोरलो. पोटच्या पोराला जत्रंत इसरून यावं तसं."

त्यानंतर काही दिवसांनी स्वप्न सुरू झालं.

आक्कांचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. गावात वीरभद्राचं देऊळ, शंकराच्या रागातून जन्मलेला तो. लहानपणी मिरवणुकीत पितळी मुखवटा बघितलेला, वटारलेले डोळे, वर वळलेल्या मिशा, पुढे तलवार घेऊन नाचणारी माणसं. तेव्हा त्या आईच्या पदराआड लपल्या होत्या. तोच वीरभद्र आता स्वप्नात दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा. तलवार घेऊन. मोठ्याने काहीतरी ओरडायचा. आक्कांचा हात छातीवर जायचा, छाती मोकळी, आणि त्या घामाने भिजून जाग्या व्हायच्या. जाग आल्यावर डबी जागेवरच असायची. तरी त्या ती मुठीत धरून बसायच्या.

ही गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली, दुपारी गिऱ्हाईक नसताना. मुलाला सांगितली तर त्याला बोल लागेल. स्वामींना सांगायची लाज. दर वर्षी त्यांच्या मठातले म्हातारे स्वामी घरी यायचे, तेव्हा आक्का त्यांच्या पाया पडायच्या आणि काही न बोलता आत जायच्या.

पलीकडच्या गल्लीतली एक बाई अंगात येणारी. तिला कुठून कळलं कोण जाणे. म्हणाली, "कोप हाय. सोमवार कडक कर." आक्कांनी सोमवार कडक केला. मग सोमवारबरोबर गुरुवार. पाणीसुद्धा पीत नव्हत्या. आणि गंमत बघा, गंमत कसली, उपासाच्या रात्री ते स्वप्न हमखास पडायचं. उपाशी पोटी झोप कच्ची, डोक्यात दिवसभर तोच विषय. मी म्हटलं, "आक्का, उपास सोडून बघा की." तर डोळे वटारले, "म्हणजे अजून एक चूक करू व्हय?" स्वप्न येईल म्हणून रात्री जागायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गादीवर डुलकी लागली की तो दुपारी यायचा.

मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, हाही करून टाकू. त्या आठवड्यात स्वप्न रोज पडलं. आक्कांनी त्याचा सरळ अर्थ लावला.

"बजावतोय," म्हणाल्या. "परत काढलंस तर बघ, म्हणतोय."

"असं म्हणाला का?"

"म्हणायला कशाला पायजे? तलवार दिसत न्हाय का मला?"

मुलगा भांडला, सून रडली, मी पण बोलले. आक्का हलल्या नाहीत. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, अशी कितीतरी गेली. उजवा डोळा पांढरट झाला, भातावरच्या पेजेसारखा. गिऱ्हाईक उजवीकडून आलं तर त्यांना कळायचं नाही. "कोण हाय?" एवढंच विचारायच्या. टोमणे मारणं बंद झालं. टोमणा मारायला समोरच्याचं तोंड दिसावं लागतं ना.

दोन हजारनंतरचा एक उन्हाळा. सकाळी दुकान उघडलं आणि आक्का गादीवर डोकं धरून बसलेल्या. डोळा लाल भडक, कपाळ फुटतंय म्हणत होत्या, उलट्या चालू. मुलाने रिक्षात घातलं, मी पण बसले. डॉक्टरांनी बघितलं. मोतीबिंदू पिकून फुगला होता आणि डोळ्यात दाब चढला होता. म्हणाले, आधी औषधाने दाब उतरवतो, उद्या ऑपरेशन करायलाच लागेल. दुखणं जाईल. नजरेचं मी सांगत नाही.

आक्का म्हणाल्या, "डबी काढणार न्हाय. मेलो तर मरू दे."

तेव्हा मी मुलाला बाहेर नेलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. तो तडक जाऊन स्वामींना घेऊन आला.

स्वामी पलंगाजवळ स्टुलावर बसले. ते सगळ्याच बायकांना 'अव्वा' म्हणत, म्हणजे आई. "अव्वा, मला स्वप्नाचं काय कळत न्हाय," म्हणाले. "पण काय दिसलं ते सावकाश सांग. भीती वाटली ते नको सांगू. दिसलं तेवढं सांग."

आक्का डोळे मिटून सांगू लागल्या. स्वामी मधेमधे विचारायचे.

"तलवार उगारलेली असती?"

"न्हाय. खाली असती. टोक भुईला टेकलेलं. म्हातारं माणूस काठी धरतंय तसं."

"कधी मारलं?"

"न्हाय."

"उंबरा ओलांडून आत आला?"

"न्हाय. भाईरच हुबा असतोय."

"दिवस असतो का रात्र?"

"दिवेलागण."

"आणि वरडतोय काय?"

आक्कांनी डबीवर हात ठेवला. मग कानडीत म्हणाल्या, "याक इष्ट होत्तातु?" का इतका उशीर झाला.

इतकी वर्षं मला त्यांनी नुसतं 'ओरडतो' एवढंच सांगितलं होतं. काय ओरडतो ते मीही कधी विचारलं नव्हतं, आणि मला वाटतं त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"असं कोण म्हणायचं तुला?" स्वामींनी विचारलं.

आक्कांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "आई. रानातनं खेळत उशिरा आलो की दारात हुबी असायची. हातात काठी. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडायची."

"मारायची?"

"कधी न्हाय. वरडायची आणि मग भाकरी वाढायची."

स्वामी हसले. "मग अव्वा, इतकी वर्षं तू भाकरी वाढायच्या आधीच उठतीयास."

स्वामी पुढे म्हणाले, "चूक झाली न्हाय असं मी म्हणत न्हाय. तुझ्याकडनं विसरलं. पण चूक करून माणूस घरला येतं, दुसरीकडं कुठं जाणार? ज्याला तुझं काय पडलं न्हाय तो दारात वाट बघत हुबा राहतोय व्हय? तो रागावलाय असं तुला वाटतंय. रागात काळजी पण असती, ती तू बघितली न्हाईस. आणि उपास त्यानं मागितला न्हवता. त्यानं फक्त उशीर का, एवढंच इचारलं."

मग त्यांनी सिस्टरला बोलावलं. हे अंगावेगळं करायचं नाही, काही करता येईल का. सिस्टर चटपटीत पोरगी. म्हणाली, "गळ्यात नको, पण दंडाला बांधूया की. स्वच्छ कापडात गुंडाळून वर चिकटपट्टी लावते. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. मी आक्कांकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या. पहिल्या वेळी कुणी विचारलं असतं तर तेव्हाही एवढंच करायचं होतं.

ऑपरेशन झालं. डोकेदुखी गेली. उजव्या डोळ्याने उजेड-अंधार कळायला लागला, त्याच्या पलीकडे काही नाही. डॉक्टर म्हणाले, दोन-चार वर्षं आधी आणलं असतं तर. मुलगा दाराबाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून उभा राहिला. आक्कांनी त्याला हाक मारली, "ये हिकडं. तुझ्या खिशाचा दोष न्हाय. मी कुणाला इचारलंच न्हाय."

सोमवार-गुरुवार सुटले. पूजा चालू राहिली, एका डोळ्याने. टोमणेही थोडे परत आले, पण पूर्वीसारखी धार नव्हती. आणि ते स्वप्न पडायचं थांबलं ते थांबलंच.

मला वाटलं, सुटल्या. एके दुपारी सहज म्हटलं, "बरं झालं की आक्का, आता निवांत झोप लागतीय."

त्यांनी पेंडीच्या पोत्याला पाठ टेकली. म्हणाल्या, "निवांत कसली गं. आता मी त्येची वाट बघतोय. येऊ दे, वरडू दे, म्हणलं, ह्या बारीला उठायचं न्हाय. वरडून झाल्यावर पुढं काय करतोय ते बघायचं. तर येत न्हाय. इतकी वर्सं रोज येत हुता, तवा मी पळालो. आता हुबं राहून कटाळला आसंल."

मी म्हटलं, "येईल की."

"व्हय," म्हणाल्या आणि पदर तोंडावर ओढून घेतला. त्यानंतर रोज दुपारी त्या अशाच गादीवर आडव्या व्हायच्या. गिऱ्हाईक आलं तरी मी हाक मारायचे नाही, मीच उठून पेंड द्यायचे. जाग आली की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्या नुसती मान हलवायच्या, नाही म्हणून.

पुढच्या थंडीत अशाच एका दुपारी त्या उठल्या नाहीत. चेहरा शांत होता, असं सगळे म्हणतात, तसं मीही लोकांना सांगितलं. खरं सांगायचं तर कपाळावर एक बारीक आठी होती, काहीतरी नीट ऐकू येत नसताना पडते तशी. आला होता की नाही, आणि काय म्हणाला, ते विचारायचं राहून गेलं.