हजार लक्सचं टेबल

घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला, आणि पहिल्या नोकरीत हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचो. बिबवेवाडीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी क्वालिटीला होतो. तिथं स्टीलच्या चकचकीत रिंगा पॉलिश व्हायच्या. तपासायला एक काकू. रिंग हातात फिरवायची, ओरखडा दिसला की लाल क्रेटमध्ये. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

आल्या आल्या मी काकूंचं टेबल सुधारलं. जुनी ट्यूब काढून बरोबर डोक्यावर दोन उघड्या एलईडी पट्ट्या लावल्या, टेबलाला पांढराशुभ्र सनमायका बसवला. प्रकाश मोजायचा मीटर ठेवला, तर आकडा हजार लक्सच्या वर! मी खूश.

काकू म्हणाल्या, "छान. आता नवरा-नवरी कधी येणार?"

पंधरा दिवसांत गिऱ्हाइकाकडून ओरखड्यांच्या रिंगा परत आल्या. मॅनेजर म्हणाले, "काकूंचे डोळे गेले. सोमवारपासून त्यांना पॅकिंगला टाका."

मी निरोप सांगितला. काकूंचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. "तासभर माझ्या खुर्चीत बसा. तुम्ही तर शिकलेले."

बसलो. रिंग फिरवली की पट्ट्यांच्या पांढऱ्या रेघा तिच्यावरून पळायच्या; त्यांच्या झगमगाटात ओरखडा असला तरी कळेना. खाली टेबलही डोळ्यांवर येत होतं. अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी, कपाळात ठणका. मी पास केलेल्या रिंगा काकूंनी खिडकीपाशी नेल्या आणि बाजूच्या उजेडात तिरक्या धरल्या. तीन रिंगांवर केसासारखे ओरखडे लख्ख दिसले.

"मग आधी का नाही बोललात?"

"मीटर तुमच्याकडे होता, साहेब. माझ्याकडे नुसते डोळे."

मी मॅनेजरना जाऊन सांगितलं, "चूक माझी आहे. सोमवारी काकूंची परीक्षा घ्या, मग ठरवा."

शनिवारी पट्ट्या बाजूला सरकवून त्यांच्याखाली दुधी अॅक्रिलिक लावलं, टेबलावर करडी, न चमकणारी मॅट घातली आणि एका बाजूला खाली, तिरका छोटा दिवा बसवला. दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं काम थांबवून लांब बघायचं, असंही ठरवलं. मीटरचा आकडा घसरला. वायरमन म्हणाला, "उजेड कमी करायला बोलावणारे तुम्ही पहिलेच."

सोमवारी मॅनेजरनी सगळ्या रिंगांवर नंबर टाकले, दहा खराब रिंगांचे नंबर स्वतःजवळ टिपून ठेवले आणि त्या चांगल्यांत मिसळल्या. काकूंनी अकरा काढल्या.

"ही चांगली आहे, मी स्वतः बघितलीय," मॅनेजर म्हणाले.

काकूंनी ती दिव्याच्या बाजूनं तिरकी धरली. मॅनेजर वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले, आणि स्वतःच्या हातानं रिंग लाल क्रेटमध्ये टाकली.

"पॅकिंगला कधी जाऊ?" काकूंनी विचारलं.

"अहो, बसा तुम्ही," मॅनेजर म्हणाले, आणि पॅकिंगला दुसरं माणूस शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.