दिराची माती

तिला सगळे ओळंबेबाई म्हणायचे. दोन लाकडी पाय, मध्ये आडवी पट्टी आणि वरून दोरीला बांधलेला दगडाचा ओळंबा, अशी उताराची पातळी बघायची एक कात्री खांद्यावर टाकून ती बारा वर्षं डोंगराच्या उतारावर फिरत होती. मातीखात्याचा एक माणूस तीन दिवसांसाठी येऊन ती कात्री वापरायला शिकवून गेला होता. वर्गात बसलेल्या बावीसजणांपैकी एकवीसजण चहा पिऊन घरी गेले आणि विसरले. ही तेवढी विसरली नाही. तसा तिचा स्वभावच होता. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती डोक्यातून बाहेर काढायला दुसऱ्याचं डोकं फुटायची वेळ यायची.

तिच्या वाट्याला आलेला उतार असा होता की पडलेला बटाटा थेट ओढ्यात सापडायचा. त्या उतारावर तिने नवऱ्याबरोबर आणि तो गेल्यावर एकटीने सात पायऱ्या बांधल्या. प्रत्येक पायरीला आधी वरची काळी माती बाजूला काढायची, मग वरच्या अंगाला खणून खालच्या अंगाला भर घालायची, दगडाची भिंत डोंगराकडे किंचित कललेली रचायची आणि शेवटी काळी माती परत पसरायची. पायरीचा तळही आतल्या बाजूला जरासा उतरता, म्हणजे पाणी काठावरून उडी न मारता मागच्या चरात जातं आणि चरातून हळूहळू कडेच्या दगडी वाटेने खाली उतरतं. भिंतीच्या माथ्यावर गवत. सात पायऱ्या, बारा वर्षं. तिच्या घेवड्याला शेंगा धरायच्या त्या याच पायऱ्यांच्या जोरावर.

आणि तिच्या बरोब्बर वर, त्याच डोंगराच्या माथ्याशी, तिच्या धाकट्या दिराचं शेत होतं.

दीर मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला कुठलीही गोष्ट एकदा सांगून कळत नसे, आणि दहादा सांगितली की राग येत असे. त्याचा नांगर दरवर्षी वरून खाली सरळ चालायचा. उताराला आडवं नांगरा, म्हणजे नांगराचा प्रत्येक तास पाण्याला अडवेल, उभं नांगरलं की प्रत्येक तासाचं गटार होतं, हे तिने त्याला चार वर्षं सांगितलं. पहिल्या वर्षी तो म्हणाला, बघतो. दुसऱ्या वर्षी म्हणाला, ट्रॅक्टरवाला ऐकत नाही. तिसऱ्या वर्षी म्हणाला, यंदा नक्की. चौथ्या वर्षी तो काही म्हणालाच नाही, आणि तिने सकाळी उठून वर पाहिलं तर डोंगराला वरपासून खालपर्यंत कंगव्याने विंचरल्यासारख्या सरळ रेघा.

ती तडक ट्रॅक्टरवाल्याकडे गेली. तो चाकाला टेकून उभा होता. आडवा ट्रॅक्टर घातला तर तो कलंडेल, आणि कलंडला तर खाली मीच असेन, असं त्याने शांतपणे सांगितलं. त्याचं खरं होतं. एवढ्या उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवायचा नसतोच. तिथे आधी पायऱ्या हव्यात, नाहीतर बैल. ज्याच्यावर रागवायचं तोच बरोबर निघाला, याचा तिला आणखी संताप आला.

पंधरा दिवसांनी दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. अर्धा तास. दिराच्या रेघांमधून पाणी पिवळंधमक होऊन सुसाट खाली आलं. तिच्या पहिल्या, सगळ्यात वरच्या पायरीचा चर भरला, गाळाने बुजला, पाणी काठावरून गेलं आणि भिंत मधोमध फुटली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी वाचली. घेवडा चिखलात गाडला गेला.

पाऊस थांबल्यावर दीर खाली आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्या पायऱ्यांचा काही उपयोग नाही बघा."

तिने हातातलं फावडं खाली ठेवलं. ठेवलं, फेकलं नाही, हे पुढे तिने कितीतरी वेळा अभिमानाने सांगितलं. तिने त्याला हात धरून चौथ्या पायरीवर नेलं. तिथे गुडघाभर गाळ साचला होता. वरचा पातळ थर मऊ, काळाभोर. त्यात त्याच्या शेतातलं शेणखत, त्याच्या शेतातली ज्वारीची धसकटं.

"ही कुणाची माती, भाऊजी?"

दिराने वाकून धसकट उचललं, न्याहाळलं, आणि म्हणाला, "माझी. मला परत हवी."

"न्या की," ती म्हणाली. "पाट्या तिकडे आहेत."

तिला वाटलं, लाजेल. तो लाजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला घेऊन आला. जाऊ डोळ्यांनीच माफी मागत होती. दोघं पाट्या भरून डोंगर चढू लागली. ओळंबेबाई खाली भिंतीचे दगड वेचत होती आणि दर पाऊण तासाने दोघं धापा टाकत परत येताना बघत होती. चार दिवस हे चाललं. ती वैतागली, कारण पायवाटेवर माती सांडत होती, जाऊ कंबर धरून बसत होती आणि दीर प्रत्येक फेरीला दगड कसे रचावेत यावर मत देत होता.

पाचव्या दिवशी तो एकटा आला आणि पाटी उलटी करून तिच्यावर बसला. चार दिवसांत शेताचा एक कोपराही नीट झाकला गेला नव्हता, आणि अर्ध्या तासाच्या पावसात केवढं वाहून गेलं होतं.

त्याने विचारलं, "ती तुमची कात्री माझ्या शेताला किती दिवस लागेल?"

कात्री दोन दिवस लागली. दीर मात्र कायमचा डोक्याला ताप झाला. एक पाय खुंटीशी ठेवायचा, दुसरा पुढेमागे सरकवत दोरी पट्टीवरच्या खुणेवर आणायची, तिथे दुसरी खुंटी. दोन्ही पाय एका पातळीवर. असं करत गेलं की रेघ डोंगराच्या अंगाने वळत जाते. दिराला वळण सोसेना. वाकडी रेघ अडाण्याची, असं त्याचं म्हणणं. ती जेवायला गेली तेवढ्यात त्याने बैलांचा पहिला तास एका वळणावर सरळ करून टाकला. आठवड्याने सर आली, पाणी नेमकं सरळ केल्याने सखल झालेल्या त्या जागी गोळा झालं आणि तासाकाठचा बांध हातभर फोडून गेलं. ओळंबेबाई फुटक्या जागेशी जाऊन उभी राहिली. दिराने स्वतः फावडं आणलं.

त्यानंतर दोन वर्षांत वरच्या उतारावर पाच पायऱ्या झाल्या. चर साधे, वाट दगडी, काठावर गवत. खाली तिच्या शेतातल्या फुटलेल्या तीन भिंती दोघांनी मिळून पुन्हा उभारल्या. मग दिराने आडव्या नांगरटीवर बोलायला सुरुवात केली. चहाच्या दुकानात, गिरणीत, जिथे चार माणसं भेटतील तिथे. ऐकणाऱ्याला वाटावं, ओळंबा यानेच शोधला. तिचं नाव एकदाही येत नसे. जाऊ म्हणायची, सांगा ना त्यांना काहीतरी. ओळंबेबाई म्हणायची, माती वर राहिली ना, मग बोलू दे.

पण जमत नसे तिला. रोज चिडायची.

परवा तो वरून ओरडला की तुमच्या दुसऱ्या पायरीची भिंत पोटातून फुगली आहे, आतून पाणी साचत असणार. तिने त्याला तिथूनच सांगितलं की तुम्ही तुमचं बघा. मग तो शेताआड गेल्यावर ती उठून बघायला गेली. भिंत फुगली होती. मागचा चर पाचोळ्याने तुंबला होता.

तिने चर मोकळा केला, भिंत उतरवायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत एकेक दगड काढताना तोंडाने सतत काहीतरी पुटपुटत राहिली.